एक्स्पोर्ट म्हणजे तुमच्या सोलरची एकूण वीज नव्हे

सोलर बसवल्यावर पहिलं बिल आलं की आमचा फोन वाजतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कोटेशनमध्ये तुम्ही महिन्याला ३५० युनिट लिहिले होते, बिलात तर २१५च दिसतायत. बाकीचे गेले कुठे?" मग आमचा माणूस शिडी घेऊन येतो, पॅनेल तपासतो, इन्व्हर्टर बघतो आणि सगळं ठीक असल्याचं सांगून परत जातो. त्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि तुमचाही. म्हणून हे पत्रक.

बिलातला एक्स्पोर्टचा आकडा म्हणजे सोलरने तयार केलेली सगळी वीज, असं धरून चालणं हीच ती चूक. नेट मीटर घर आणि वीज कंपनीची लाइन यांच्या मधोमध बसलेला असतो. त्याच्यातून जेवढी वीज आत येते किंवा बाहेर जाते, तेवढीच त्याला कळते. दुपारी छतावर दोन किलोवॅट तयार होत असताना घरात फ्रिज, पंखे आणि पंप मिळून सव्वा किलोवॅट ओढत असतील, तर ती सव्वा किलोवॅट छतावरून थेट घरात वापरली जाते. मीटरपर्यंत पाऊण किलोवॅटच पोचतं आणि एक्स्पोर्टमध्ये तेवढंच मोजलं जातं. आधीच्या सव्वाची नोंद बिलात कुठेच होत नाही. ती वाया गेलेली नसते, तुम्हीच वापरलेली असते. एकूण किती वीज तयार झाली, हे इन्व्हर्टरला माहीत असतं, मीटरला नाही.

मागे एक ग्राहक असंच बिल घेऊन आले होते, त्यांचेच आकडे इथे घेऊ. इम्पोर्टचं मागचं रीडिंग १२४०, चालू १४२०, म्हणजे १८० युनिट घरात आले. एक्स्पोर्टचं मागचं १३८५, चालू १६००, म्हणजे २१५ युनिट बाहेर गेले. त्याच दोन तारखांना इन्व्हर्टरवर एकूण उत्पादन २२६८ आणि २६२० होतं, म्हणजे ३५२ युनिट तयार झाले. ३५२ मधून २१५ वजा केले की १३७ उरतात, ते घरात दिवसा वापरले गेले. त्यात इम्पोर्टचे १८० मिळवा, की घराचा एकूण वापर ३१७ युनिट निघतो. सोलरच्या आधी हाच वापर २९० च्या आसपास असायचा. म्हणजे सोलर व्यवस्थित चालू होतं, वापर थोडा वाढला होता. विचारल्यावर त्यांनीच हसत सांगितलं, की आता दुपारीही एसी लावतात. आमची हरकत नाही, वीज त्यांचीच आहे. पण त्यामुळे एक्स्पोर्ट कमी दिसणार, हे लक्षात असू द्या.

नेट मीटरिंगची जोडणी असेल तर १८० मधून २१५ वजा होतात आणि ३५ युनिट पुढच्या बिलासाठी जमा राहतात. तरीही बिल शून्य येईलच असं नाही, स्थिर आकार वेगळा लागतो. काही जोडण्यांमध्ये एक्स्पोर्टला वेगळा, बहुधा कमी दर मिळतो. तसं असेल तर धुणं, इस्त्री, पंप अशी कामं दुपारी उरकणंच फायद्याचं. तुमची जोडणी कोणती, ते मंजुरीच्या कागदावर लिहिलेलं असतं.

ताळा करताना गोंधळ होतो तो तारखांचा. इन्व्हर्टरचं ॲप एक तारखेपासून महिना धरतं, बिलाचं रीडिंग मात्र बारा तारखेला घेतलेलं असतं. ज्या दिवशी मीटरचं रीडिंग होतं, त्याच दिवशी इन्व्हर्टरचा एकूण आकडा वहीत लिहून ठेवा. 'आजचं उत्पादन' नको, सुरुवातीपासूनचं एकूण हवं.

आता कोटेशनकडे. आम्ही ३.२४ किलोवॅट लिहितो ते ५४० वॅटची सहा पॅनेलं धरून. काही जण इन्व्हर्टरची क्षमता लिहितात, काही पॅनेलची, म्हणून दोन कोटेशनची तुलना करण्याआधी नेमकं काय लिहिलंय ते विचारा. पॅनेलवरचे ५४० वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असताना, कडक उजेडात मोजलेले असतात. छतावर भर उन्हात सेल ६० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के क्षमता कमी होते. म्हणजे एकट्या उष्णतेनेच बारा टक्के गेले. वर धूळ आणि वायरीतली घट आहेच. इन्व्हर्टरवर कधीच ३.२४ दिसत नाही म्हणून फोन करू नका, ऐन दुपारी अडीच किलोवॅटच्या आसपास दिसलं तरी ठीक चाललंय.

आमचा उत्पादनाचा अंदाज इतरांपेक्षा कमी असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच सहा पॅनेलवर कुणी महिन्याला ४२० युनिट लिहून देतो, आम्ही ३५०. आम्ही छतावर येऊन पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठे पडते ते बघतो आणि तेवढं वजा करतो. शिवाय ३५० ही वर्षाची सरासरी आहे. ढगाळ महिन्यात आकडा बराच खाली येतो, कडक उन्हाच्या महिन्यात वर जातो. मोठा आकडा लिहून काम मिळवणं सोपं आहे, पण वर्षभर त्याची उत्तरं आम्हालाच द्यावी लागतात. वॉरंटीचंही तसंच: २५ वर्षं लिहिलेली असतात ती पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची. पॅनेलमधल्या दोषाची आणि इन्व्हर्टरची वॉरंटी वेगळी आणि कमी वर्षांची असते. कोणत्याही कोटेशनमध्ये हे वेगवेगळं लिहून मागा, आमच्याही.

खरी गडबड ओळखायची कशी? ढगाळ महिना नसतानाही इन्व्हर्टरचं उत्पादनच घटलं असेल, तर आम्हाला बोलवा. धूळ, नव्याने आलेली सावली, किंवा दुपारी लाइनचं व्होल्टेज चढल्यामुळे इन्व्हर्टर वारंवार बंद पडणं, यातलं काहीतरी असतं. त्याच तारखांना एक्स्पोर्ट उत्पादनापेक्षा जास्त दिसत असेल, तर रीडिंग चुकलंय हे नक्की, कारण तयार झालेल्यापेक्षा जास्त वीज बाहेर जाऊच शकत नाही. मीटरची जोडणी उलटी झाल्याचाही संशय येतो कधीकधी. त्यासाठी अंधार पडल्यावर एक्स्पोर्टचा आकडा टिपा आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा बघा. घरात बॅटरी नसेल तर तो दशांशानेही हलता कामा नये. हलला, तर त्याच दिवशी कळवा. (लाइन गेल्यावर सोलर बंद पडतं तो मात्र बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.)

शंका असेल तर एकाच दिवशी काढलेले तीन फोटो पाठवा: मीटरवरचा इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि इन्व्हर्टरचं एकूण उत्पादन. सोबत बिल जोडा. हिशोब आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही, सोलर दुसऱ्याकडून बसवलं असलं तरी. मीटरचा पडदा आलटून पालटून आकडे दाखवतो, म्हणून kWh हे एकक आणि कोणता आकडा आहे ती खूण, दोन्ही फोटोत येऊ द्या. आणि काचेवर फ्लॅश मारू नका. आकडाच वाचता आला नाही, तर आम्हाला शिडीवाला माणूस पाठवावाच लागतो.