संयुग्मी ग्रेडियंट पद्धत

`Ax = b` या रेषीय समीकरण-संचात मॅट्रिक्स `A` सममित आणि धन-निश्चित असेल, तर उत्तर टप्प्याटप्प्याने काढण्याची ही पद्धत आहे. मॅग्नस हेस्टेनिस आणि एडुआर्ड श्टिफेल यांनी ती 1952 मध्ये मांडली. `A` चे घटक बदलावे लागत नाहीत; दर पायरीला `A` ने एका सदिशाला एकदा गुणले की पुरते. म्हणूनच बहुतेक घटक शून्य असलेल्या प्रचंड मॅट्रिक्ससाठी ती सोयीची ठरते.

अवशेष `r = b - Ax` आणि पहिली दिशा `p = r` घेऊन सुरुवात होते. पुढची प्रत्येक पायरी अशी:

```
α = rᵀr / pᵀAp
x = x + αp
r' = r - αAp
β = r'ᵀr' / rᵀr
p = r' + βp,  r = r'
```

समजा `A = [[2,1],[1,2]]`, `b = (3,0)` आणि सुरुवात शून्यापासून. पहिल्या पायरीत `α = 1/2`, म्हणून `x = (1.5, 0)` आणि अवशेष `(0, -1.5)`. तीव्रतम उताराची साधी पद्धत आता सरळ या अवशेषाच्या दिशेने गेली असती; तिची चूक दर दोन पायऱ्यांनी चौथाई होते, पण शून्य कधीच होत नाही. इथे मात्र `β = 1/4` इतका जुन्या दिशेचा अंश मिसळून `p = (0.75, -1.5)` मिळते. मग `α = 2/3` आणि उत्तर नेमके `(2, -1)`. नवी दिशा जुनीशी `A`-संयुग्मी आहे, म्हणजे `pᵢᵀApⱼ = 0`. त्यामुळे जुन्या दिशेतले काम बिघडत नाही. म्हणूनच अचूक अंकगणितात `n` अज्ञातांना जास्तीत जास्त `n` पायऱ्या लागतात.

प्रत्यक्षात पायऱ्या याहून खूपच कमी लागतात, आणि पद्धतीचे खरे मर्म तिथे आहे. `k` पायऱ्यांनंतरची चूक म्हणजे मूळ चुकीवर लावलेली `A` ची `k` घाताची एक बहुपदी. शून्यावर 1 असणाऱ्या अशा सगळ्या बहुपदींतून ऊर्जा-मानातील चूक, म्हणजे चूक `e` असता `√(eᵀAe)`, सर्वांत लहान करणारी बहुपदी पद्धत आपोआप निवडते. आयगेनमूल्ये तीनच वेगळी असतील, तर त्यांवर शून्य होणारी त्रिघाती बहुपदी पुरते: अज्ञात लाखभर असले तरी तीन पायऱ्या. आयगेनमूल्ये पसरलेली असतील, तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मूल्याचे गुणोत्तर `κ` महत्त्वाचे. पायऱ्यांची वरची मर्यादा `√κ` च्या प्रमाणात वाढते. चौरसावरच्या 100×100 जाळीतील प्वासाँ समीकरणात अज्ञात 10,000 आणि `κ` सुमारे 4,100. चूक दशलक्षांशावर आणायला सुमारे 470 पायऱ्यांची हमी मिळते.

पूर्णांकनामुळे दिशांची संयुग्मता हळूहळू सुटते, पायऱ्या वाढतात आणि सूत्राने पुढे नेलेला `r` खऱ्या `b - Ax` पासून दुरावतो. म्हणून अधूनमधून खरा अवशेष मोजून पाहावा. अवशेषाचा आकार मध्येच वाढला तर घाबरू नये, कारण दर पायरीला घटण्याची खात्री ऊर्जा-मानातील चुकीची असते. `pᵀAp` मात्र शून्य किंवा ऋण आले, तर बहुधा `A` धन-निश्चित नाही किंवा प्रोग्राममध्ये चूक आहे. `κ` फार मोठा असेल, तर अपूर्ण चोलेस्की विघटनासारखा पूर्वसंस्कारक, म्हणजे `A` च्या जवळचा पण सोडवायला सोपा मॅट्रिक्स, वापरून आयगेनमूल्ये एकवटता येतात. तोही सममित आणि धन-निश्चितच हवा.