करणी पोळीची, आळ दुधावर

आपल्याकडे "दूध बाधतं" हे एकच वाक्य आहे आणि त्यात तीन पूर्णपणे वेगळे आजार बसवले जातात, ज्यातला एक तर मुळात दुधाचा नाहीचे. माझ्या बहिणीच्या मुलीचं असंच झालं म्हणून हे सगळं डोक्यात पक्कं बसलंय, नाहीतर मीपण दूध बंद करा म्हणणाऱ्यांतलाच.

भाची तेव्हा नऊ वर्षांची. अंगाने काटकुळी, पोट मात्र फुगलेलं, वर्गात सगळ्यात बुटकी, हिमोग्लोबिन आठच्या आसपास आणि वर्षभर लोहाचं टॉनिक पिऊनही ते जागचं हलेना. सकाळी दूध प्यायली की तासाभरात पोटात गुडगुड आणि मग जुलाब. एका डॉक्टरांनी सांगितलं लॅक्टोज पचत नाही, दूध बंद. ताईने बंद केलं, जुलाब खरंच कमी झाले, सगळे खूश. आणि दूध गेलं म्हणून ताकद कशाने येणार तर पोळ्या वाढवल्या, शिवाय रव्याचा शिरा. पोरगी अजून सुकली.

आता आत काय चाललं होतं बघा. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना विलाय म्हणतात, अन्न शोषायचं काम त्यांचं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती दोन तुकडे झाल्याशिवाय शोषली जात नाही, आणि तुकडे करणारं एन्झाइम, लॅक्टेज, या विलायच्या अगदी शेंड्याच्या भागात जास्त असतं. शेंडे झिजले की लॅक्टेज गेलं. मग साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात, गॅस होतो, पोट बिघडतं. म्हणजे दुधाचा त्रास खरा होता, पण तो परिणाम होता. शेंडे कोण झिजवत होतं हे कोणी विचारलंच नाही.

झिजवत होता गहू. गहू आणि सातू (म्हणजे जव) यांच्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे काही तुकडे पोटात पूर्ण पचत नाहीत, हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, पण काही लोकांच्या शरीरातली संरक्षण यंत्रणा त्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या भांडणात स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. हा सिलिअ‍ॅक आजार. त्याला लागणारे जीन्स तीसेक टक्के लोकांत सापडतात पण आजार होतो साधारण शंभरात एकाला, त्यामुळे नुसती जीन टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि हा आजार आधी तिथेच बसतो, म्हणून टॉनिकची बाटली कितीही ओता हिमोग्लोबिन ढिम्म. भाचीच्या बाबतीत खरा धागा हाच होता, कारण नुसत्या लॅक्टोजच्या त्रासाने रक्त कमी होत नाही आणि उंचीपण खुंटत नाही.

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्यांनी हेच पकडलं आणि रक्ताची टीटीजी-आयजीए ही टेस्ट सांगितली. आणि वर बजावलं की रिपोर्ट येऊन पुढचा तपास होईपर्यंत पोळी अजिबात बंद करायची नाही! ताईला हे उलटंच वाटलं, पण कारण सरळ आहे. ही टेस्ट संरक्षण यंत्रणेने बनवलेल्या अँटीबॉडी मोजते, गहू थांबला की त्या हळूहळू उतरतात, विलाय भरून यायला लागतात, आणि मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल. हल्ली फॅड म्हणून ग्लुटेन सोडलेले आणि नंतर टेस्टला गेलेले लोक इथेच अडकतात, त्यांना पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो तेव्हा कुठे नीट कळतं. भाचीची व्हॅल्यू बरीच वर आली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला तर विलाय जवळपास सपाट.

माझं स्वतःचं प्रकरण यातलं सगळ्यात साधं. मला मोठेपणी ग्लासभर दूध सोसत नाही, पण चहा चालतो, दही चालतं, तूप तर कितीही. बाळपण संपलं की लॅक्टेज कमी होत जाणं हे जगातल्या बहुतेक माणसांत होतंच, त्यात आतड्याला इजा वगैरे काही नाही. सगळा खेळ प्रमाणाचा. साधारण बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, अशा बऱ्याच जणांना एका वेळी पेलतं, चहात तर जेमतेम दोन-तीन ग्रॅम जातं. दह्यातली थोडी साखर विरजणाने आधीच खाल्लेली असते, पनीरमधली बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. शंका असेल तर लॅक्टोजचं पाणी पिऊन दर अर्ध्या तासाने नळीत फुंकायची टेस्ट असते, बॅक्टेरियांनी बनवलेला हायड्रोजन श्वासात वाढला की उत्तर मिळालं.

तिसरा प्रकार मात्र चेष्टेचा नाही. शेजारच्यांचं सात महिन्यांचं बाळ, वरचं दूध पहिल्यांदा दिलं आणि दहा-पंधरा मिनिटांत तोंडाभोवती लाल गांध्या, ओठ सुजले, उलट्या. इथे साखरेचा संबंधच नाही, ही दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन वगैरेंची अ‍ॅलर्जी. आजीने सुचवलं शेळीचं दूध द्या, आजोबा म्हणाले लॅक्टोज-फ्री आणू, आणि दोन्ही चुकीचं! लॅक्टोज-फ्री दुधात साखर फोडलेली असते पण प्रथिन सगळं जसंच्या तसं, आणि शेळीचं, म्हशीचं प्रथिन गाईच्या इतकं जवळचं की बहुतेक अ‍ॅलर्जीवाल्या बाळांना तेही बाधतं. इथे प्रमाणाचा हिशोब चालत नाही, चमचाभर पुरतो, आणि श्वास लागला किंवा बाळ मलूल पडलं तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, थेट हॉस्पिटल. काही बाळांत हीच अ‍ॅलर्जी सावकाश दिसते, गांध्या नाहीत, नुसते शीमध्ये रक्ताचे धागे, तिथे फसायला होतं. दिलासा एवढाच की बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, सिलिअ‍ॅक आयुष्यभर राहतो.

भाचीचं पुढे असं झालं की गहू बंद केल्यावर तीनेक महिन्यांत ती दूध पचवायला लागली, शेंडे परत आले ना! आपल्याकडे भाकरी असल्यामुळे ताईला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं मोकळं होतं, त्या मानाने सोपं. पण सहा महिन्यांनी टीटीजी थोडी उतरून अडकली. घरात गव्हाचा कण नाही आणि तरी आकडा खाली येईना, ताई रडकुंडीला आली. मग आहारतज्ज्ञ बाईंनी एकेक डबा उघडायला लावला. फोडणीच्या हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं, बाजारातला हिंग बऱ्याचदा त्यातच मिसळलेला असतो. आणि ज्वारी दळायला जायची ती कोपऱ्यावरच्या गिरणीत, तिथे आधीचा घाणा कुणाच्या तरी गव्हाचा, त्याचं पीठ जात्यात उरलेलं आणि तेच आपल्या डब्यात. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, गिरणीतल्या उरलेल्या मूठभर पिठाने ती मर्यादा कधीच ओलांडली जाते. आता घरघंटी घेतलीय, तिच्यात गहू कधीच पडत नाही, आणि हिंग बिनपिठाचा खडा आणून घरी कुटतात.