हीमोग्लोबिन ई व सी

प्रौढांच्या नेहमीच्या हीमोग्लोबिनचे (हीमोग्लोबिन ए) दोन जनुकीय प्रकारभेद. दोन्हींत बीटा साखळीतील एका ग्लुटामिक आम्लाची जागा लायसिन घेते. सी प्रकारात हा बदल सहाव्या स्थानी होतो, ई प्रकारात सव्विसाव्या. सिकल सेलचा (एस) बदलही सहाव्याच स्थानी असतो, पण तेथे लायसिनऐवजी व्हॅलिन येते.

सी १९५० मध्ये आणि ई १९५४ मध्ये नोंदवले गेले. ई चे वर्णन दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी केल्याने अग्रक्रमाचा प्रश्न गौण मानणेच बरे. ई चा पट्टा बंगाल, आसाम व ईशान्य भारतापासून थायलंड-कंबोडियापर्यंत पसरतो, तर सी मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. ई चे उत्परिवर्तन एकदाच झाले की अनेकदा, यावर मतभेद आहेत. हे जनुक वेगवेगळ्या जनुकीय पार्श्वभूमींवर आढळते, म्हणून अनेक उगमांचे मत अधिक ग्राह्य वाटते. थायलंडमधील जनुकाचे वय एका अंदाजाने सुमारे १,२०० ते ४,४०० वर्षे येते, मात्र असे अंदाज गृहीतकांवर फार अवलंबून असतात. हिवतापापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा पुरावा सी च्या बाबतीत अधिक ठोस आहे.

विद्युत् संचारणात (इलेक्ट्रोफोरेसिस) दोघांचा गोंधळ का होतो, हे विद्युत्‌भारावरून कळते. एक ऋण भार जाऊन त्या जागी एक धन भार आल्याने प्रत्येक बीटा साखळीमागे दोन एककांचा फरक पडतो, आणि तो ई व सी मध्ये सारखाच असतो. तांबड्या पेशी धुऊन फोडल्यावर मिळणारा द्रव सेल्युलोज अॅसिटेटच्या पट्टीवर लावतात. सुमारे ८.५ पीएचला हीमोग्लोबिन ऋणभारित असते आणि धनाग्राकडे सरकते. ए सर्वांत पुढे जाते, एस मध्ये राहते. ई, सी आणि एरवीच्या रक्तात २-३ टक्के असणारे ए२ हे तिघेही मागे एकाच रेघेत थांबतात. ही रेघ ठळक दिसली तर ए२ चे एवढे प्रमाण असणे शक्य नाही, एवढेच कळते. ई की सी ते कळत नाही. त्यासाठी तोच नमुना सुमारे ६.२ पीएचच्या सायट्रेट अगारवर चालवतात. तेथे केवळ भार नव्हे, तर रेणूचा पृष्ठभाग अगारशी कसा जुळतो हेही महत्त्वाचे ठरते. सी वेगळे पडते, ई मात्र ए बरोबरच राहते.

एचपीएलसी या स्तंभ-वर्णलेखनात (क्रोमॅटोग्राफी) रेणू ऋणभारित राळेला चिकटतात आणि क्षाराचे प्रमाण वाढत जाईल तसे सुटतात. नेहमीच्या यंत्रांत सी सुमारे पाच मिनिटांनी, एस च्याही नंतर, वेगळे शिखर देते. ई मात्र साडेतीन मिनिटांच्या आसपास, थेट ए२ च्या खिडकीत, म्हणजे यंत्राने ए२ साठी ठरवलेल्या वेळेत येते. भार सारखा असूनही असे होते, कारण साखळीतली जागा वेगळी आहे. यंत्र तो आकडा 'ए२' म्हणूनच छापते, आणि चूक बहुधा येथेच होते.

मुंबईतल्या प्रसूतिपूर्व तपासणीत येऊ शकेल असा एक नमुना पाहू. मूळ बंगालच्या एका गर्भवतीचे हीमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ७६ आणि ए२ च्या खिडकीत २७.८ टक्के. पतीचे ए२ ५.३ टक्के, एमसीव्ही ६४. पत्नीच्या रिपोर्टवर 'ए२ वाढलेले, थॅलेसेमिया मायनर' लिहिले तर ते चूक. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे बीटा साखळ्या कमी बनवणाऱ्या एका जनुकाच्या वाहकात, ए२ साधारण ४ ते ८ टक्के असते. २५-३० टक्के म्हणजे ई चा वाहक. त्याहून कमी आकडा असल्यास लोहाची कमतरता किंवा सोबतचा आल्फा थॅलेसेमिया धरावा, आणि १०-१५ टक्क्यांवर लेपोर हीमोग्लोबिनचाही विचार करावा, कारण तेही याच खिडकीत येते. ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर डी-इराण हा आणखी एक प्रकारभेद. हे दोघेही अल्कधर्मी पट्टीवर एस च्या जागी जातात, म्हणून मागे राहिलेल्या ई पासून ओळखू येतात. केशिका विद्युत् संचारणात ई व ए२ ची शिखरे वेगळी होतात. तेव्हा पत्नीचे खरे ए२ तीन-चार टक्क्यांच्या घरातच निघते.

पती बीटा थॅलेसेमियाचा वाहक ठरतो. दर गर्भारपणात चारपैकी एक शक्यता अशी की बाळाला एकीकडून ई व दुसरीकडून थॅलेसेमिया मिळेल. ई चे जनुक मुळातच कमी साखळ्या बनवते. बदललेला संकेत आरएनए जोडणीतही बिघाड करतो. म्हणून ई-बीटा थॅलेसेमिया सौम्यही असू शकतो, किंवा आयुष्यभर रक्त चढवावे लागेल इतका तीव्रही. तीव्रता आधी सांगता येत नाही. दोन ई जनुके असलेली व्यक्ती मात्र बहुधा फारशी आजारी नसते.

निश्चितीसाठी डीएनए तपासणी लागते. मुंबईत या क्षेत्राची जुनी संस्था म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था. नमुना घेण्यापूर्वी रक्त चढवले असल्यास दात्याच्या पेशी टक्केवारी बिघडवतात, त्यामुळे सुमारे तीन महिने थांबावे अथवा आईवडिलांचे नमुने तपासावेत. सी मुंबईत विरळाच सापडते.