सरासरी पाच, थर आठ

समजा, एका कंपनीत 601 माणसं आहेत. सर्वांत वर मुख्याधिकारी, आणि उरलेल्या 600 जणांना प्रत्येकी एक साहेब. मुख्याधिकारी धरून साहेबांची संख्या 120. म्हणजे एकेका साहेबाच्या हाताखाली थेट काम करणारी माणसं, म्हणजेच त्याची नियंत्रणकक्षा, सरासरी पाच. आकडा ठीकठाक वाटतो. पण प्रत्येकाकडे खरोखरच पाच माणसं असती, तर वरून खाली 1, 5, 25, 125, 625 अशी उतरंड झाली असती आणि पाच थरांत 781 माणसं मावली असती. या कंपनीत मात्र तळाचा कर्मचारी आठव्या थरावर आहे. जास्तीचे तीन थर आले कुठून?

ते सरासरीला विचारून कळत नाही. एचआरच्या यादीत दोन रकाने असतात, कर्मचाऱ्याचा क्रमांक आणि त्याच्या साहेबाचा क्रमांक. पहिला `A` मध्ये आणि दुसरा `B` मध्ये असेल, तर प्रत्येकाच्या हाताखाली किती जण आहेत, हे एक्सेलमध्ये एका सूत्रात निघतं:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

थर काढण्यासाठी साहेब, साहेबाचा साहेब असं मुख्याधिकाऱ्यापर्यंत चढत जायचं, पायऱ्या मोजायच्या आणि त्यांत एक मिळवायचा, कारण मुख्याधिकारी स्वतः पहिल्या थरावर असतो. त्याआधी यादी साफ करावी लागते. सोडून गेलेल्या साहेबाच्या नावावर अजून माणसं टांगलेली असतात, रिकाम्या जागा माणसं म्हणून मोजल्या जातात, आणि कधी कधी दोघं एकमेकांचे साहेब निघतात! बहुतेक वेळ गणितात जात नाही, या साफसफाईतच जातो.

आता आपल्या कंपनीतले 120 साहेब असे विभागले जातात असं धरू. 22 जणांच्या हाताखाली फक्त एकेक माणूस आहे. 38 जणांकडे दोन किंवा तीन, 34 जणांकडे चार ते सात, आणि 26 जणांकडे आठ किंवा त्याहून जास्त. बेरीज केली की पहिले 60 साहेब मिळून जेमतेम 117 माणसं सांभाळतात आणि शेवटचे 26 साहेब 296. सरासरी पाच खरीच, पण अर्ध्या साहेबांकडे तीनच्या वर माणसं नाहीत. आठ थरांचं मूळ या अरुंद साखळ्यांत आहे.

वित्त विभागाची साखळी जवळून पाहू. वित्तप्रमुख दुसऱ्या थरावर, आणि त्यांच्या हाताखाली एकटे उपप्रमुख. उपप्रमुखांकडे दोन वरिष्ठ व्यवस्थापक, त्या दोघांकडे प्रत्येकी दोन व्यवस्थापक, आणि त्या चौघांकडे प्रत्येकी सहा कर्मचारी. एकूण 32 माणसं, आठ साहेब, आणि कर्मचारी सहाव्या थरावर. आठांपैकी चौघांकडे एक किंवा दोनच माणसं.

उपप्रमुखाचं पद का निर्माण झालं असेल? बहुधा कामाची गरज म्हणून नाही. करकायद्यात मुरलेल्या माणसाला पगारवाढ द्यायची होती आणि वरची वेतनश्रेणी फक्त ‘साहेबां’साठी होती. मग त्याच्या हाताखाली कुणीतरी दाखवावं लागलं. माझ्या मते एकास-एक साखळ्यांमागचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. म्हणून थर काढण्याआधी, माणसं न सांभाळताही तितकाच पगार मिळेल अशी तज्ज्ञाची वाट खुली करावी लागते. नाहीतर काढलेला थर दोन वर्षांत दुसऱ्या पदनामाने परत उगवतो.

वित्त विभागात ही वाट खुली केली की उपप्रमुख आणि दोन्ही वरिष्ठ व्यवस्थापक कर, निधी आणि लेखापरीक्षणाचे तज्ज्ञ म्हणून थेट प्रमुखांशी जोडले जातात. चारही व्यवस्थापकही प्रमुखांकडेच येतात. प्रमुखांच्या हाताखाली सात जण, साहेब आठांऐवजी पाच, आणि कर्मचारी चौथ्या थरावर. कुणाचीही नोकरी गेली नाही. अर्थात, पगाराचा खर्चही घटला नाही. थर कमी करण्यामागे खर्च घटवायचा आहे की निर्णयांचा वेग वाढवायचा आहे, हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी निघतात.

मग सगळीकडे ‘एका साहेबामागे आठ माणसं’ असा दंडक का लावू नये? 1933 मध्ये व्यवस्थापन सल्लागार व्ही. ए. ग्रेकुनास यांनी साहेब आणि हाताखालची माणसं यांच्यात किती संबंध संभवतात, ते मोजलं. माणसामाणसांतले आणि गटांतले सगळे धरून चार जणांसाठी 44, पाचांसाठी 100 आणि आठांसाठी 1080. आकडे धडकी भरवतात, पण यातले बहुतेक संबंध रोजच्या कामात घडतच नाहीत. मला वेळेचा हिशेब जास्त भरवशाचा वाटतो. आठवड्याचे 40 तास घ्या. व्यवस्थापकाचं स्वतःचं काम 24 तास खात असेल आणि बैठका सहा तास, तर माणसांसाठी दहा उरतात. एकसारखं काम करणाऱ्या अनुभवी माणसाला पाऊण तास पुरत असेल, तर तेरा जण सांभाळता येतील. नव्या माणसाला दोन तास लागत असतील, तर पाचच. म्हणजे एकाच पदनामाच्या दोन साहेबांसाठी योग्य आकडा पाचही असू शकतो आणि तेराही. आपल्या वित्त व्यवस्थापकांकडचे सहा जण जुने असतील, तर तिथे अजून जागा आहे. तिघे नवे असतील, तर सहा तास त्यांचे आणि सव्वादोन तास जुन्यांचे, जागा जवळपास भरली.

खरी फजिती तक्ता बदलल्यानंतर होते. समजा, वित्त विभागात आठवड्याला मंजुरीसाठी 40 कागद येतात. आधी वरिष्ठ व्यवस्थापक 20 निकालात काढत, उपप्रमुख 15, आणि प्रमुखांपर्यंत पाचच पोहोचत. व्यवस्थापकांना मंजुरीचा अधिकारच नव्हता. मधले दोन थर गेले आणि कुणी किती रकमेपर्यंत सही करायची हा अधिकारांचा तक्ता तसाच राहिला, तर सगळे 40 कागद प्रमुखांच्या टेबलावर. टेबलं चारावरून दोनावर आली, पण त्यातल्या शेवटच्या टेबलावर आठपट काम. कागद आधीपेक्षा उशिरा सुटतो आणि ‘सपाट रचनेनं काही साधलं नाही’ असं लोक म्हणू लागतात. व्यवस्थापकांची मर्यादा वाढवून 30 कागद त्यांच्याकडेच संपले, तरच प्रमुखांकडे दहा राहतात.

ही निव्वळ शक्यता नाही. अर्थतज्ज्ञ रघुराम राजन आणि ज्युली वुल्फ यांनी अमेरिकेतल्या 300 हून अधिक मोठ्या कंपन्यांच्या अभ्यासात दाखवलं की 1986 पासून 1990 च्या दशकाच्या अखेरपर्यंत मुख्याधिकाऱ्याला थेट उत्तर देणाऱ्यांची संख्या चारावरून सातावर गेली आणि मधले थर कमी झाले. पुढे वुल्फ यांना आढळलं की अशा सपाट झालेल्या कंपन्यांत निर्णय खाली सरकण्याऐवजी अनेकदा वरच्या हातात गोळा झाले.

दुसरा धोका सावलीच्या थराचा. उपप्रमुख तक्त्यावर तज्ज्ञ झाले, पण व्यवस्थापक सवयीने प्रत्येक कागद आधी त्यांनाच दाखवतात. तक्त्यात हे दिसत नाही, नोंदींत दिसतं. रजा, खर्च आणि खरेदीचे बदलाआधीचे पन्नास अर्ज आणि सहा महिन्यांनंतरचे पन्नास घ्यायचे. प्रत्येक अर्ज किती जणांच्या हातून गेला आणि किती दिवसांत सुटला, ते मोजायचं. हातांची संख्या कमी झाली नसेल, तर थर फक्त कागदावरून गेलाय. हात कमी झाले पण दिवस वाढले असतील, तर अधिकारांचा तक्ता तपासायचा. आणि त्याच वेळी व्यवस्थापक आणि प्रमुख यांच्यातली उडीही पाहायची. पूर्वी मधे दोन पायऱ्या होत्या, आता एकही नाही. प्रमुख निवृत्त झाले की त्या जागेसाठी कुठला व्यवस्थापक तयार आहे, याचं उत्तर नसेल, तर कोणती जबाबदारी कुणाकडे आत्तापासून सोपवायची, ते याच बदलात लिहून घ्यावं लागतं.