दोन्ही ॲसिडच, तरी एका कपाटात नकोत

ठाण्यातल्या एका छोट्या कॉलेजच्या लॅबमध्ये नव्या केमिकल्सचं खोकं आलं आहे, असं धरून चालू. त्यात पाच बाटल्या आहेत : ६९ टक्के नायट्रिक ॲसिड, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, २५ टक्के अमोनिया, ग्लिसरॉल आणि पोटॅशियम परमँगनेट. स्टोअरमध्ये दोन स्टीलची कपाटं आणि एक उघडी रॅक आहे. एका कपाटावर ‘ॲसिड’ अशी चिठ्ठी चिकटवलेली, दुसऱ्यात अल्कोहोल, ॲसिटोन वगैरे. रॅकवर क्षार इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावलेले. साहजिकच दोन्ही ॲसिडं ‘ॲसिड’च्या कपाटात शेजारीशेजारी जातील, आणि ही जोडी धोकादायक आहे.

हे आधी कळण्यासाठी प्रत्येक बाटलीची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे एसडीएस, हाताशी लागते. भारतात १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत अशा शीटचा नमुना दिलेला आहे. हल्लीच्या शीटमध्ये जगभर मान्य असलेले सोळा सेक्शन असतात. शीट मिळवताना नुसत्या नावावर जाऊ नका. बाटलीवरचा कॅटलॉग नंबर टाकून त्याच कंपनीची, त्याच तीव्रतेची शीट काढा. ६९ टक्के नायट्रिक ॲसिड आणि १० टक्के नायट्रिक ॲसिड यांचे धोके वेगळे, म्हणून शीटही वेगळ्या. सुधारणेची तारीखही पाहा. जुन्या शीटमध्ये सेक्शन २ आणि ३ यांची अदलाबदल असते, धोके दोनमध्ये न सापडता तीनमध्ये सापडतात, आणि घाईत वाचणारा ‘इथे काही नाही’ म्हणून पान उलटतो.

सोळाच्या सोळा सेक्शन मांडणीसाठी वाचायची गरज नाही. आधी २, मग १४, मग १०, आणि शेवटी ७, असा क्रम ठेवला की काम सोपं होतं.

सेक्शन २ मध्ये धोक्याची वाक्यं आणि त्यांचे कोड असतात. दोन्ही ॲसिडांच्या शीटवर H314 आहे, म्हणजे त्वचा गंभीर भाजते आणि डोळ्यांना इजा होते. इथपर्यंत दोघं भाऊभाऊ. पण नायट्रिकवर त्याच्या जोडीला H272 आहे : ऑक्सिडायझर, आग भडकवू शकतो. ॲसेटिकवर H226 आहे : ज्वलनशील द्रव आणि बाष्प. म्हणजे एक बाटली जळण आहे आणि दुसरी त्या जळणाला ऑक्सिजन पुरवणारी. शीटवरची चित्रंही हेच सांगतात. ॲसेटिकवर नुसती ज्योत असते, नायट्रिकवर गोलावर ठेवलेली ज्योत. झेरॉक्सवर ही दोन चित्रं सहज सारखी दिसतात, म्हणून चित्रावर न थांबता कोड वाचा.

सेक्शन १४ खरं तर वाहतुकीसाठी असतो. आपल्याला ट्रक भरायचा नाही म्हणून तो कुणी उघडत नाही, पण मांडणीसाठी इतकी थोडक्यात माहिती शीटमध्ये दुसरीकडे नाही. नायट्रिकचा क्रमांक UN 2031, मुख्य वर्ग ८, आणि कंसात दुय्यम धोका ५.१. ॲसेटिकचा UN 2789, मुख्य वर्ग तोच ८, कंसात ३. आठ म्हणजे क्षरणकारी, ५.१ म्हणजे ऑक्सिडायझर, तीन म्हणजे ज्वलनशील द्रव. ‘ॲसिडचं कपाट’ ही कल्पना फक्त त्या आठावर उभी आहे. मांडणी मात्र कंसातल्या आकड्यावरून ठरवायला हवी. नायट्रिकच्या बाबतीत हा ५.१ साधारण ६५ टक्क्यांपासून पुढे लागतो, त्याखालच्या तीव्रतेला वर्ग फक्त ८ असतो. प्रॅक्टिकलसाठी पातळ करून ठेवलेल्या बाटलीला मूळ बाटलीची शीट लावू नये, ते याच कारणाने.

प्रत्यक्षात काय बिघडतं तेही पाहू. ॲसेटिकचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३९ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे त्या तापमानाला त्याची बाष्पं ठिणगीने पेट घेऊ शकतात. ठाण्यात किंवा ऐरोली-घणसोलीकडे मे महिन्यात, पत्र्याखालचं बंद स्टोअर त्या आकड्याच्या जवळ सहज जातं. दुसरीकडे नायट्रिक उजेडाने आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतं आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. ॲसिड पिवळं, मग तपकिरी दिसू लागतं, आणि झाकण उघडताना वायू फुसकन बाहेर येतो. अशा कपाटात एखादी बाटली कलंडली किंवा फुटली आणि दोन्ही एकत्र आली, तर मिश्रणात तपकिरी धूर आणि उष्णता तयार होऊ शकते. ते तापत गेलं तर प्रतिक्रिया वेग घेऊन आगीपर्यंत किंवा स्फोटापर्यंत पोचू शकते.

आता सेक्शन १०. त्यातला १०.५ हा उपविभाग म्हणजे ‘कशासोबत ठेवू नये’ याची यादी. अडचण अशी की तिथे बाटल्यांची नावं क्वचित असतात, गटांची असतात : ‘प्रबल ऑक्सिडायझर’, ‘सेंद्रिय पदार्थ’, ‘आल्कली’, ‘धातूंची पूड’. हे गट आपल्या रॅकवरच्या बाटल्यांमध्ये उतरवणं हे वाचणाऱ्याचं काम आहे. ‘प्रबल ऑक्सिडायझर’ वाचलं की आपल्या स्टोअरमध्ये कोणते ते पेन्सिलने बाजूला लिहावं : परमँगनेट, डायक्रोमेट, नायट्रेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, तीव्र नायट्रिक. ‘सेंद्रिय पदार्थ’ म्हटलं की त्यात कपाटातली सगळी द्रावकं तर येतातच, शिवाय लाकडी फळी, भुसा आणि फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्रही येतं.

वर्तमानपत्राची ही सवय आपल्याकडच्या लॅबमध्ये फार आहे. फळी स्वच्छ राहते म्हणून कागद घालतात, आणि त्यावर नायट्रिकची बाटली ठेवली जाते. बाटलीच्या बुडाशी कागद पिवळट-तपकिरी होऊन ठिसूळ पडला असेल, तर झाकणातून ॲसिड झिरपून खाली उतरतंय असं समजावं. सांडलेलं नायट्रिक टिपायलाही भुसा किंवा सुती फडकं वापरू नये. सेक्शन ६ मध्ये निष्क्रिय शोषक वापरायला सांगितलेलं असतं, आणि कोरडी वाळू त्यासाठी पुरते. एक बादली वाळू कपाटाजवळ असावी.

ग्लिसरॉलची शीट सेक्शन १० इतक्या जपून का वाचायची ते उत्तम दाखवते. सेक्शन २ मध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हा पदार्थ घातक वर्गात मोडत नाही. चित्र नाही, कोड नाही. सेक्शन १४ मध्येही वाहतुकीचं बंधन नाही. इथे थांबलात तर बाटली कुठेही ठेवता येईल असं वाटेल. पण १०.५ मध्ये ‘प्रबल ऑक्सिडायझर’ आहे. परमँगनेटच्या शीटवर H272 आणि वर्ग ५.१ आहे, आणि तिच्या १०.५ मध्ये सेंद्रिय आणि ज्वलनशील पदार्थ येतात. ग्लिसरॉल परमँगनेटच्या स्फटिकांवर ओघळलं की क्षणभर काहीच घडत नाही, मग धूर येतो आणि मिश्रण आपोआप पेट घेतं. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. मधला शांत वेळ काही सेकंदांचा असतो, कधी अधिकही. पूड बारीक असेल तर कमी. ‘काही झालं नाही’ म्हणून माणूस पाठ वळवतो तेवढ्यात ज्वाला दिसते.

म्हणूनच एका पदार्थाची शीट वाचून जोडी ठरवता येत नाही. अ च्या यादीत ब चा गट असेल, पण ब च्या यादीत अ नसेल, असं बरेचदा होतं. दोन्ही शीट समोरासमोर ठेवून दोन्ही दिशांनी वाचायच्या, आणि एकीतही जोडी सापडली तर ती वेगळी करायची.

सेक्शन ७ शेवटी, कारण तो बहुतेक शीटमध्ये मोघम असतो : थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. त्यातला तापमानाचा आकडा मात्र वाया जाऊ देऊ नका. अमोनियाचं २५ टक्के द्रावण ३८ अंशांच्या आसपास उकळू लागतं. उन्हाळ्यात ती बाटली वरच्या फळीवर ठेवली, तर आत दाब वाढतो आणि झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर वायू येतो. अमोनियाच्या १०.५ मध्ये आम्लं आहेत. हायड्रोक्लोरिक ॲसिडजवळ ती ठेवली, की दोघांच्या वाफा भेटून बाटल्यांवर आणि फळीवर पांढरी भुकटी बसते. ती अमोनियम क्लोराइडची असते. ही भुकटी दिसली की पुसून टाकणं पुरेसं नाही. झाकणं गळतायत आणि दोघांची जागा चुकली आहे, असा तिचा अर्थ. पावसाळ्यात खाडीच्या दमट हवेत स्टीलची कपाटंही अशा वाफांनी आधी बिजागऱ्यांपाशी गंजतात, म्हणून झडतीची सुरुवात तिथूनच करावी.

आता पाचही बाटल्या लावू. ॲसेटिक ‘ॲसिड’च्या कपाटातून बाहेर काढून ज्वलनशील द्रवांच्या कपाटात खालच्या फळीवर, स्वतःच्या ट्रेमध्ये. त्याच कपाटात ॲनिलीन असेल तर ती दूर, कारण ॲसेटिकच्या यादीत अमाइन्स आणि आल्कली येतात. नायट्रिकला फ्युम हूडखालचा बंद कप्पा सगळ्यात चांगला, एकट्याला. तो नसेल तर ‘ॲसिड’च्या कपाटात सगळ्यात खाली, वेगळ्या खोल ट्रेमध्ये, आणि सेंद्रिय काहीही आत नाही हे पाहून. हायड्रोक्लोरिकचा ट्रेही वेगळाच हवा, कारण ही दोन तीव्र ॲसिडं मिसळली की क्लोरीन सुटतो. ट्रेमध्ये सगळ्यात मोठी बाटली पूर्ण सांडली तरी मावायला हवी, वर थोडी जागा राखून. अडीच लिटरच्या बाटलीला पावणेतीन लिटरचा ट्रे पुरतो. अमोनिया रॅकच्या तळाशी, आल्कलींसोबत, ॲसिडच्या कपाटापासून खोलीच्या दुसऱ्या बाजूला. परमँगनेट कोरड्या ऑक्सिडायझर क्षारांमध्ये, पण अमोनियम क्षारांच्या शेजारी नको आणि त्याच्या वरच्या फळीवर कुठलाही द्रव नको. ग्लिसरॉल द्रावकांच्या कपाटात, तेही खाली.

मुळाक्षरांचा क्रम सोडून देणं इथे भागच पडतं. त्या क्रमाने नायट्रिक ॲसिडच्या लगेच पुढे नायट्रोबेंझीन येतं, आणि हायड्राझीनच्या जवळ हायड्रोजन पेरॉक्साइड. या दोन्ही जोड्या १०.५ मधल्या ‘सोबत ठेवू नये’ अशाच यादीतल्या आहेत. आधी गट पाडा, आणि गटाच्या आत हवी तर मुळाक्षरं ठेवा. स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक बाटलीपुढे तीव्रता, सेक्शन १४ मधला वर्ग कंसासकट, आणि ठरवलेली फळी अशा तीन नोंदी केल्या, की पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी माल लावला तरी ॲसेटिक परत नायट्रिकशेजारी जात नाही.

हाच कंसातला आकडा कचऱ्याच्या बाटल्यांनाही लावा. नायट्रिकचा उरलेला भाग रिकाम्या झालेल्या अल्कोहोलच्या किंवा ॲसिटोनच्या बाटलीत कधीच ओतू नये. तळाशी राहिलेल्या थोड्या द्रावकाशी प्रतिक्रिया सुरू होऊन वायू साठत जातो, आणि घट्ट झाकण लावलेली बाटली काही तासांनी, कुणी जवळ नसतानाही फुटू शकते. त्या कचऱ्यासाठी नायट्रिकचीच मोकळी झालेली काचेची बाटली राखून ठेवावी, आणि तिच्यावर मूळ लेबल खोडून ‘नायट्रिक ॲसिड कचरा’ असं मोठ्या अक्षरात लिहावं.