जो दिवा लागतच नाही, तो आधी बघा

जुनी गाडी बघायला जाताना वेळ सकाळची ठरवा आणि "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा. गाडी आधी सुरू केली होती का, हे बोनेटला हात लावून कळतं असं म्हणतात. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात दुपारी नुसत्या उभ्या गाडीचं बोनेटही हात भाजतं, त्यामुळे तिकडे ही खूण फक्त सकाळीच उपयोगी. गाडी बंद असण्याचा आग्रह एवढ्यासाठी की विजेच्या तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग इंजिन सुरू होण्याआधीच्या मिनिटभरात उरकतो.

किल्ली 'ऑन'वर आणा आणि तिथेच थांबा, स्टार्टर मारू नका. मीटरमधले इशाऱ्याचे दिवे आता पेटले पाहिजेत: ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग. आपण सगळे गाडी चालू असताना कोणता दिवा पेटलेला राहतो ते बघतो. इथे बघायचं उलटं, कोणता दिवा पेटलाच नाही ते. इंजिन बंद असलं की ऑइलचा दाब शून्य असतो, म्हणून तो दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय, वायर निघालीय किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. एक अपवाद ध्यानात ठेवा. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून बनलेल्या कारना सक्तीची झाली. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये एअरबॅगच नसेल तर तिचा दिवा नसणं हा दोष नाही. स्टिअरिंगवर एअरबॅगचं चिन्ह आहे आणि दिवा मात्र लागत नाही, तेव्हा प्रश्न विचारा.

आता किल्ली तशीच ठेवून थोडी वाट बघा. एअरबॅग आणि एबीएस यांचे कंट्रोल युनिट स्वतःची तपासणी करतात आणि सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत आपापले दिवे विझवतात. ऑइल, बॅटरी आणि साधारणपणे चेक इंजिन हे दिवे मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलेच राहतात. हा फरक लपवाछपवी उघडी पाडतो. एअरबॅग बिघडली की तिचा दिवा सतत जळतो. तो लपवायचा एक जुना उपाय म्हणजे त्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडायची. मग किल्ली फिरवली की दिवा पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो, आणि घाईत बघणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं. पण स्टार्टर न मारता थांबलात तर एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याबरोबर जळतच राहील आणि इंजिन सुरू होताच दोन्ही एकदम विझतील. अशी जोडगोळी दिसली की गाडी स्कॅनरवर लावल्याशिवाय पुढचं बोलणं करू नये. चेक इंजिनचं वेगळं आहे. त्यात नोंदलेला दोष स्कॅनरने तात्पुरता पुसता येतो, आणि काही अंतर चालवल्यावर दिवा परत लागतो. म्हणून पार्किंगमधल्या चक्करवर समाधान मानू नका.

मग बाहेरचे दिवे. अप्पर, डिपर, इंडिकेटर हे बघणं सोपं आहे. मागचे दिवे एकट्याने बघायचे तर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि आरशात बघा. इथे एकेक दिवा सुटा तपासून थांबू नका. पार्किंग लाइट चालू ठेवून ब्रेक दाबा, नंतर इंडिकेटरही टाका. दोष बहुतेक वेळा या एकत्र चाचणीतच दिसतो.

जळगावात अजिंठा चौफुलीजवळ बघितलेल्या एका हॅचबॅकचं असंच होतं. ब्रेक एकटा दाबला की उजवा दिवा जेमतेम लाल व्हायचा. पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला की उजवीकडे प्रकाश वाढण्याऐवजी घटायचा आणि त्याच बाजूचा पिवळा इंडिकेटर मिणमिणायला लागायचा. "काही नाही भो, बल्ब बदलला की झालं," विकणारा म्हणाला. बल्ब चांगले होते.

मागच्या एका बाजूच्या टेललाइट, ब्रेक आणि इंडिकेटर या तिन्ही बल्बांची अर्थची वायर बऱ्याच गाड्यांत एकच असते. ती बॉडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तो सांधा तुटला तर ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला पत्र्याकडे जायची वाट राहत नाही. मग तो उलट्या दिशेने इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये शिरतो आणि तिथून पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून पत्रा गाठतो. ब्रेकचं फिलामेंट 21 वॅटचं, दोन्ही इंडिकेटरही 21 वॅटचे. म्हणजे 12 व्होल्ट तीन सारख्या फिलामेंटमध्ये वाटले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चारच व्होल्ट येतात. एवढ्यात बल्ब नुसता लालसर होतो. पार्किंग लाइट चालू असेल तर टेललाइटच्या एका टोकाला 12 आणि दुसऱ्या टोकाला साधारण 8 व्होल्ट असतात, म्हणजे त्याच्याही वाट्याला चारच व्होल्ट येतात, म्हणून तोही मंदावतो.

खात्री करायला एक हातभर वायर पुरते. तिचं एक टोक होल्डरच्या अर्थच्या पिनला, दुसरं डिकीतल्या रंग नसलेल्या स्वच्छ पत्र्याला. दिवे लगेच सरळ वागू लागले तर दोष अर्थचाच. या गाडीत तसंच झालं. दुरुस्ती किरकोळ होती, पण अर्थ का गेला, हा प्रश्न उरला होता. डिकीतला गालिचा उचलल्यावर दिसलं की अर्थच्या बोल्टखाली पुट्टी आणि त्यावर नवा रंग होता. उजव्या मागच्या कोपऱ्याला मार बसून पत्र्याचं काम झालेलं होतं आणि बोल्ट रंगावरच आवळला होता. "एकदम ओरिजिनल पेंट" ही विकणाऱ्याची गोष्ट तिथे संपली. मात्र ही चाचणी फिलामेंटच्या बल्बांसाठी आहे. मागे एलईडी असतील तर अशा दोषाची लक्षणं वेगळी दिसतात.

काचांकडे आपल्याकडची धूळ आणि ऊन लक्षात ठेवून बघावं लागतं. ज्या रबराच्या खाचेतून काच सरकते ते रबर उन्हाने कडक होतं, त्यात बारीक माती बसते, आणि मोटरला जास्त जोर लावावा लागतो. प्रत्येक काच आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू ठेवून वर न्या. इंजिन चालू असताना व्होल्टेज 12.6 वरून 14 च्या आसपास जातं, म्हणून सगळ्याच काचा थोड्या चपळ होतात. एकच काच दोन्ही वेळा रेंगाळत असेल तर दोष त्या दारात आहे. चढताना मध्येच थांबलेली काच दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर मोटर तापून तिच्या संरक्षणाने ती बंद पाडलेली असते. दरवेळी चालकाच्या बाजूचं बटण वापरा आणि त्या दाराचं स्वतःचंही.

काच आणि सेंट्रल लॉक दोन्ही अधूनमधून दगा देत असतील तर दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी बघा. आतल्या वायरी दार उघडझाप होताना रोज वाकतात आणि शेवटी आतून तुटतात. बटण दाबून धरून दार हळूहळू हलवा. एखाद्या कोनात काच चालली, दुसऱ्या कोनात थांबली, म्हणजे तुटलेली वायर तिथेच आहे. बाहेरून बसवलेल्या लॉकिंगमध्ये चालकाच्या दारातल्या मोटरला पाच वायरी आणि इतर दारांना दोनच असतात. बाकीच्या दारांना हुकूम चालकाच्या दारातूनच जातो, म्हणून तिथून चारही दारं बंद होतात का, हे रिमोटने आणि किल्लीनेही बघा. तपासताना एक काच खाली ठेवा, नाहीतर किल्ली आत आणि माणसं बाहेर.

वायपर कोरड्या काचेवर चालवू नका, धुळीने काचेवर चरे पडतात. पाणी मारा, सगळे वेग बघा, आणि पाती अर्ध्यावर असताना स्विच बंद करा. वायपर स्वतःहून खालच्या जागी जाऊन थांबले पाहिजेत. मध्येच थांबले तर मोटरमधला पार्किंगचा स्विच किंवा त्याची वायर गेली आहे. पात्यांचं रबर बहुधा कडकच निघेल, कारण खान्देशात पावसाळा सोडला तर ते वापरातच नसतं. ती बदलायची वस्तू आहे, तिच्यावरून भाव पाडू नका.