आतला शेक: अंगात काही उरत नाही

“गर्भमुखाच्या कॅन्सरसाठी बाहेरून किरणांचे २५ शेक झाले, गाठ गेली. मग आतला कशाला? त्यानंतर अंगात किरणं राहतात ना?”

राहत नाहीत. भूल देऊन गर्भाशयात एक पोकळ नळी आणि गर्भमुखाच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या बसवतात. मूत्राशय व गुदाशय दूर ढकलायला गॉज ठासतात. ते सैल राहिलं तर पुढे लघवीतून किंवा शौचातून रक्त जाऊ शकतं. स्कॅननंतर तारेच्या टोकाला असलेला, किरणं सोडणाऱ्या इरिडियमचा इवलासा तुकडा नळ्यांतून फिरतो आणि काही मिनिटांत मशीनमध्ये परततो.

बाहेरच्या शेकाने किरणांच्या मात्रेचे ४५-५० ग्रे मिळतात. गाठ मारायला एकूण साधारण ८५ लागतात. तेवढे बाहेरून दिले तर आतडी जळतील. आतून मात्र तुकड्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. आधी गाठ आकसली, तरच ती या छोट्या टप्प्यात मावते.